२६० रुपयांचा शाफ्ट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंप बनवणारा एक मध्यम कारखाना आहे असं समजा. कारखाना कल्पनेतला आहे, आकडेही मी बेतलेले आहेत. पण अशी फाइल कुठल्याही औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही खरेदी खात्याच्या टेबलावर पडलेली असते. या कारखान्याला वर्षाला ३०,००० शाफ्ट लागतात. पोलादाचा बार कापायचा, लेथवर टर्निंग करायचं आणि शेवटी ग्राइंडिंग करून तो मापात आणायचा, एवढंच काम. शेजारच्या गल्लीतला व्हेंडर ते आजवर २४५ रुपयांत करून देत होता. आता तो २६० मागतोय. पगार वाढले, वीज वाढली, परवडत नाही, ही त्याची कारणं. मालक वैतागून म्हणतात, "एवढ्यात तर आपणच मशीन टाकू!"

टाकावं का? हे ठरवायला बहुतेक ठिकाणी हिशोब खात्याकडून एक तक्ता मागवला जातो, 'घरचा शाफ्ट कितीला पडेल' असा. तक्ता येतो तो साधारण असा. स्टीलचा बार, निघालेल्या चिपचे पैसे वजा करून, १२० रुपये. इन्सर्ट, ग्राइंडिंग व्हील, कूलंट १८ रुपये. वीज ९ रुपये. दोन पाळ्यांचे ऑपरेटर आणि एक सेटर यांचे पगार, पीएफ, बोनस मिळून वर्षाला १२ लाख. देखभाल आणि तपासणी ३ लाख. हे १५ लाख ३०,००० नगांवर वाटले की नगामागे ५० रुपये. इथवर झाले १९७. मग मशीनचा घसारा २३ रुपये. आणि शेवटी शेडचं भाडं, ऑफिस, मॅनेजरचा पगार अशा कारखान्याच्या सामायिक खर्चाचा वाटा म्हणून ३५ रुपये. बेरीज २५५.

२६० ऐवजी २५५. नगामागे ५ रुपये म्हणजे वर्षाला दीड लाख. एवढ्यासाठी कोण उठाठेव करतं! फाइल बंद होते.

हा तक्ता चुकीचा आहे, आणि गंमत म्हणजे तो दोन विरुद्ध दिशांनी चुकीचा आहे. पहिली चूक त्या ३५ रुपयांची. शेडचं भाडं आज भरलं जातं, शाफ्ट बाहेरून आला तरी भरलं जातं आणि घरी केला तरी तेवढंच भरलं जाईल. मॅनेजरचा पगारही तोच. जो खर्च दोन्ही वाटांवर सारखा आहे, तो या निर्णयात धरायचाच नसतो. अपवाद एकच: मशीनसाठी खरोखरच नवी जागा भाड्यानं घ्यावी लागली, किंवा आज ती जागा कुणाला तरी भाड्यानं देता येत असेल, तर तेवढी रक्कम धरायची. आपल्या कारखान्यात लेथ मावेल एवढा कोपरा नुसताच रिकामा पडला आहे. म्हणून ३५ रुपये रद्द.

दुसरी चूक घसाऱ्याची. सीएनसी लेथ २६ लाख, ग्राइंडिंग मशीन १८ लाख, फाउंडेशन, गेज, फिक्श्चर आणि वाढीव वीजजोडणीचे ६ लाख, असे ५० लाख लागणार आहेत. पाच वर्षांनी ही मशीनं १५ लाखांना विकली जातील असा अंदाज आहे. उरलेले ३५ लाख पाच वर्षांवर वाटले की वर्षाला ७ लाख, नगामागे २३ रुपये. हिशोबाच्या वहीत हे ठीक आहे. पण पैसा तसा जात नाही. तो पहिल्या दिवशी एकरकमी जातो आणि थोडाथोडा करून पाच वर्षांत परत येतो. मधल्या काळात तो अडकून पडल्याची किंमत घसाऱ्यात कुठेच नाही.

त्यात ५० लाखांवर आणखी १० लाख अडकतात, आणि ते मागणीपत्रात सहसा लिहिलेच जात नाहीत. आज व्हेंडरला माल मिळाल्यावर ४५ दिवसांनी पैसे दिले जातात. लघुउद्योगाला त्याहून जास्त थांबवता येत नाही, २००६ च्या एमएसएमई कायद्यानं ती मर्यादा घातली आहे. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून थकवलेलं देणं प्रत्यक्ष भरेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरी ४५ दिवस म्हणजे वर्षाच्या ७८ लाखांच्या खरेदीत जवळजवळ साडेनऊ लाखांची बिनव्याजी उधारी झाली. शाफ्ट घरी करायला घेतला की ही उधारी संपते. स्टीलवाला एवढं थांबत नाही आणि बारचा साठाही आपल्याच रॅकवर पडून राहतो. हे १० लाख बुडत नाहीत, पाचव्या वर्षाच्या अखेरीस मोकळे होतात, पण तोवर अडकलेले असतात. म्हणजे आज खिशातून काढायचे एकूण ६० लाख.

आता समोरची बाजू. घरच्या शाफ्टचा रोख खर्च १९७, बाहेरचा दर २६०. नगामागे ६३ रुपये वाचतात, वर्षाला १८ लाख ९० हजार. पाच वर्षांची नुसती बेरीज केली तर साडेचौऱ्याण्णव लाख होतात आणि ६० लाखांपुढे ती फारच देखणी दिसते. पण पाचव्या वर्षी मिळणारे १८ लाख ९० हजार आणि आज मिळणारे १८ लाख ९० हजार एकच नव्हेत. ही तफावत मोजायला एक दर ठरवावा लागतो. बँक मशीनवर कर्ज देते तोच व्याजदर घ्यावा असं अनेकांना वाटतं, पण बँक सगळे पैसे देत नाही. उरलेले मालकाचे असतात आणि त्यांना धंद्यात दुसरीकडे, समजा पंपाचं नवं मॉडेल काढण्यात, जास्त कमाई करता आली असती. शिवाय या बेतात जोखीम आहे. म्हणून आपण दर १४ टक्के धरू. त्याचा अर्थ इतकाच की वर्षभरानं मिळणारे ११४ रुपये आपल्या लेखी आजच्या १०० रुपयांएवढे.

या दरानं पहिल्या वर्षाच्या बचतीची आजची किंमत साधारण १६ लाख ५८ हजार होते. दुसऱ्या वर्षाची साडेचौदा लाख. पाचव्या वर्षाची उरते ९ लाख ८२ हजार, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. पाचही वर्षांची बेरीज ६४ लाख ८९ हजार. पाच वर्षांनी मशीनचे येणारे १५ लाख आणि मोकळे होणारे १० लाख यांची आजची किंमत १३ लाखांच्या आसपास. सगळं मिळून सुमारे ७८ लाख. घातले ६० लाख. म्हणजे आजच्या पैशांत १८ लाख वर येतात. दीड लाखाचा किरकोळ फायदा दाखवणारा तोच शाफ्ट, त्याच आकड्यांतून.

संगणकावर हा हिशोब एका ओळीचा आहे. पहिल्या घरात उणे ६० लाख, पुढच्या चार घरांत १८.९, आणि सहाव्यात शेवटच्या वर्षाची बचत अधिक २५ लाख, म्हणजे ४३.९:

```
=NPV(14%,B2:B6)+B1
```

इथे B1 कंसाबाहेर का, हे लक्षात ठेवा. एक्सेलचं हे सूत्र कंसातली पहिली रक्कम एक वर्षानं मिळणार असं धरतं. आज द्यायचे ६० लाख कंसात गेले तर उत्तर १८ लाखांऐवजी पावणेसोळा लाख येतं. कितीतरी प्रस्तावांत हा गोंधळ तसाच राहिलेला असतो.

पण मला विचाराल तर १८ लाख हा या हिशोबातला सर्वांत कामाचा आकडा नव्हे. तोच हिशोब उलटा फिरवा: व्हेंडरनं दर किती ठेवला तर मशीन टाकणं आणि न टाकणं सारखंच होईल? ६० लाखांतून शेवटी परत येणाऱ्या रकमेची आजची किंमत, १३ लाख, वजा केली की ४७ लाख उरतात. ते १४ टक्क्यांनी पाच वर्षांत भरून यायचे तर दरवर्षी १३ लाख ७० हजार सुटायला हवेत, नगामागे सुमारे ४६ रुपये. १९७ मध्ये ते मिळवले की २४३. म्हणजे घरच्या शाफ्टची खरी किंमत २४३ रुपये आहे. तक्त्यातल्या २५५ मधून नको असलेले ३५ काढले, आणि घसाऱ्याच्या २३ च्या जागी अडकलेल्या पैशांसह ४६ धरले, की हाच आकडा येतो. दोन चुका एकमेकींना बऱ्याचशा खाऊन टाकत होत्या, म्हणून तक्ता वरवर शहाणा वाटत होता.

आणि २४३ कळलं की जुना व्यवहारही उलगडतो. २४५ ला घेत होतो तेव्हा मशीन टाकून आजच्या पैशांत जेमतेम अडीच लाख सुटले असते. कुणी त्या वाटेला गेलं नाही ते बरोबरच होतं. १५ रुपयांची वाढ दिसायला लहान, पण तिची पाच वर्षांची आजची किंमत साडेपंधरा लाख आहे.

इथवरचं गणित कागदाचं. आता शॉपफ्लोअरवर जाऊ.

मशीन ऑर्डर केलं की दुसऱ्या दिवशी शाफ्ट पडू लागत नाहीत. मशीन यायला काही आठवडे, मग फाउंडेशन, लेव्हलिंग, ट्रायल, गेज, पहिल्या नगांची मंजुरी, आणि ऑपरेटरचा हात बसेपर्यंतचा काळ. अर्धं वर्ष सहज जातं. या सहा महिन्यांत शाफ्ट व्हेंडरकडूनच २६० नं घ्यावे लागतात. माणसं मात्र पगारावर आलेली असतात. मग पहिल्या वर्षाची बचत १८ लाख ९० हजारांवरून १ लाख ९५ हजारांवर येते. आजच्या पैशांत १४ लाख ८७ हजारांचा खड्डा. १८ लाखांतले उरले फक्त ३. पहिलं वर्ष सगळ्यांत महाग का, हे यातून दिसतं: त्या वर्षाचा रुपया सर्वांत कमी झिजलेला असतो, आणि तोच हातातून निसटतो.

दुसरं, रिजेक्शन. व्हेंडरचा खराब शाफ्ट आपण परत पाठवतो, दंड त्याला. घरी खराब झालेला शाफ्ट आपलाच. बार, इन्सर्ट, वीज यांतून भंगाराचे पैसे वजा जाता नगामागे १३५ रुपये बुडाले असं धरू. शंभरातले चार बाद होत राहिले तर पाच वर्षांच्या त्या नुकसानीची आजची किंमत सुमारे पाच लाख. उरलेले तीनही जातात आणि वर पावणेदोन लाखांचं देणं राहतं. आता २४३ चा आकडा पुन्हा काढला तर तो २६२ येतो. हे वाचून धक्का बसू नये. व्हेंडरनं २६० मागितले ते त्यानंही असाच कुठला तरी हिशोब करून मागितलेले आहेत. फक्त त्याचं शिकणं कधीच होऊन गेलंय आणि त्याच्या लेथवर आपल्याखेरीज आणखी चार गिऱ्हाइकांचं काम चालतं.

हा शेवटचा मुद्दा मशीनच्या तासांत मोजता येतो. एका शाफ्टला टर्निंगला ६ मिनिटं धरली तर ३०,००० नगांना ३,००० तास. वर्षाचे ३०० दिवस, दोन पाळ्या, आणि मोडतोड, सेटिंग, सुट्ट्या धरून ८० टक्के वापर, असे ३,८४० तास हाताशी. म्हणजे वर्षातले ८४० तास लेथ नुसता उभा. व्हेंडरच्या शेडमध्ये ते तास दुसऱ्याच्या बुशला किंवा फ्लॅन्जला जातात. आपण ते विकू शकलो, म्हणजे बाहेरचं जॉबवर्क घेतलं, तर गणित बदलेल. पण पंपवाल्याला जॉबवर्क मिळवणं हा वेगळा धंदा आहे, आणि त्याचे पैसे आधीच बेरजेत धरणारे प्रस्ताव मला तरी संशयास्पद वाटतात.

सगळ्यांत मोठा घाव मागणीचा. पंपांचा खप शेतीवर आणि पावसावर चालतो. समजा मागणी ३०,००० वरून २०,००० वर आली. बाहेरून घेत असू तर ऑर्डर कमी पाठवायची, प्रश्न मिटला. घरी मात्र ते १५ लाखांचे पगार आणि देखभाल तशीच राहते. बचत वर्षाला ७ लाख ६० हजार उरते, आणि रिजेक्शन आणि उशीर न धरताही आजच्या पैशांत जवळजवळ २१ लाखांचं नुकसान होतं. अगदी निर्दोष चाललेल्या मशीनलाही वर्षाला सुमारे २५,४०० शाफ्ट लागतात. त्याखाली गेलात की मशीन तोट्यात.

म्हणून एक लोकप्रिय मधला मार्ग मला फसवा वाटतो. "थोडं घरी करू, तिसरा हिस्सा व्हेंडरकडे ठेवू, म्हणजे दोन्हीकडून सुरक्षित," असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. ३० टक्के बाहेर ठेवले तर घरी उरतात २१,००० नग, आणि आजच्या पैशांत १७ लाखांचा तोटा. सुरक्षितता हवी असेल तर तेवढी किंमत द्या, हरकत नाही. पण ती फुकट आहे असं धरू नका. त्यापेक्षा 'लेबर जॉब' ही शिरोलीत रोज चालणारी पद्धत बघावी: बार आपण विकत घेऊन द्यायचा आणि व्हेंडरला फक्त मजुरी मोजायची. स्टीलचा दर आपल्याला कळतो, भाव वाढल्याचं कारण सांगून मजुरी फुगवायला वाव राहत नाही, आणि मशीन त्याचंच राहतं. उधारी मात्र बारच्या रकमेपुरती आपण गमावतो, तेही मोजायचं.

मशीन कुठलं, यावरही बरंच अवलंबून आहे. साध्या सीएनसी लेथला पाच वर्षांनीही गिऱ्हाईक मिळतं. फक्त हाच शाफ्ट करणारं स्पेशल पर्पज मशीन घेतलं, तर मॉडेल बदललं की त्याला भंगाराचाच भाव. आपल्या हिशोबात विक्रीचे १५ लाख शून्य झाले तर आजच्या पैशांत पावणेआठ लाख जातात. स्पेशल मशीन वेगवान असतं, नगामागे पैसे वाचवतं. ती बचत या पावणेआठ लाखांना पुरून उरते का, एवढाच प्रश्न.

करांबद्दल थोडक्यात. वरचे सगळे दर जीएसटी सोडून आहेत, कारण व्हेंडरच्या बिलावरचा असो की मशीनवरचा, जीएसटीचं क्रेडिट मिळतं. प्राप्तिकर धरायचा तर बचतीवर कर लागेल आणि मशीनच्या घसाऱ्यानं, जो साधारण यंत्रांना १५ टक्के असतो, करात थोडी सूट मिळेल. मग १४ टक्क्यांऐवजी करानंतरचा, कमी दर घ्यावा लागतो. बचत करानंतरची आणि दर कराआधीचा, अशी सरमिसळ मात्र नको.

या सगळ्यात न मावणारी एक गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर कारखाना थाटला, तेव्हा शेजारच्या गल्लीत व्हेंडर नव्हता. गल्लीच नव्हती. ओतकामासारखी कामं त्याच आवारात उभी करावी लागली, कारण बाजारात दरच नव्हता ज्याच्याशी तुलना करावी. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि टर्निंग शॉपमुळे तो दर आहे. पण बाजारातून घेण्यालाही खर्च असतो. रोनाल्ड कोज या अर्थतज्ज्ञानं १९३७ च्या लेखात हेच मांडलं, आणि पुढे १९९१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, की व्हेंडर शोधणं, दर ठरवणं, करार करणं, लक्ष ठेवणं या सगळ्याला पैसे लागतात आणि म्हणूनच कारखाने काही कामं पोटात घेतात. आपल्या शाफ्टच्या बाबतीत तो खर्च लहान आहे: ड्रॉइंग सोपं, तपासणी सोपी, आणि हा व्हेंडर बिघडला तर दुसरा मिळतो. ज्या भागाचं ड्रॉइंग हेच तुमच्या पंपाचं गुपित आहे, समजा इम्पेलर, किंवा जो करणारा पंचक्रोशीत एकच आहे, तिथे २६२ चा आकडा गाठल्यावरही मी मशीनच्या बाजूनं झुकेन. एकट्या व्हेंडरला आज २६० आणि उद्या २८० मागायला काही अडत नाही.

या शाफ्टला तसं काही नाही. मग काय करावं? कागदावरचा २४३ घेऊन व्हेंडरकडे जावं, वाटलं तर मशीनचं कोटेशनही टेबलावर ठेवावं. २६२ स्वतःपाशीच राहू द्यावा. २५० च्या आसपास, तीन वर्षांची ऑर्डर आणि स्टीलच्या भावाप्रमाणे दर खालीवर करण्याचं कलम, यावर सौदा व्हावा, कारण त्यालाही ३०,००० नगांचं काम घालवायचं नाही. मागणी ३६,००० वर स्थिरावली तर फाइल पुन्हा उघडावी: तेवढ्या नगांना लेथचे तास पुरतात, आणि सहा महिन्यांचा उशीर, चार टक्के रिजेक्शन आणि २५० चा दर धरूनही आजच्या पैशांत साडेसहा लाखांहून थोडे जास्त सुटतात. तोवर शाफ्ट विकतच घ्यावा.